गॅसच्या टाकीच्या पट्टीवरचा कोड वाचायचा कसा आणि टेस्टची तारीख ओळखायची कशी

2024 च्या दिवाळीत तासगावजवळ आत्याकडे गेलो होतो. तिच्याकडे दोन टाक्यांचं कनेक्शन आहे पण तिचा निम्मा स्वयंपाक अजून चुलीवरच होतो, त्यामुळे एक टाकी चालू असते आणि दुसरी धान्याच्या कणगीमागं भरलेली पडून असते. मी सहज विचारलं ही कधीची गं, तर म्हणाली, "आरं ती नवीच हाय की, एकदा पण लावली न्हाई." लावली नाही म्हणून नवी, असं तिचं गणित. मोबाईलच्या टॉर्चने पट्टीवर बघितलं तर C-28 दिसलं, म्हटलं चला अजून बरीच वर्षं आहेत, आणि मी चहा प्यायला उठलो. पण नंतर काहीतरी खटकलं, परत जाऊन ओल्या फडक्याने पट्टी पुसली, आणि तो 28 नव्हता, 23 होता. म्हणजे टेस्टची मुदत संपून वर्ष उलटलं होतं. कसं लक्षात आलं ते पुढे नीट सांगतो, कारण तोच भाग सगळ्यात कामाचा आहे, पण आधी हा कोड काय असतो आणि कुठे असतो ते बघू.

सगळ्यात आधी एक गैरसमज. व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षं एक मेसेज फिरतोय की गॅसच्या टाकीवर एक्स्पायरी डेट असते आणि ती उलटली की टाकी फुटते. ती एक्स्पायरी नाहीये. आतल्या गॅसला तर एक्स्पायरी नसतेच, पाच वर्षं पडून राहिला तरी तसाच जळेल, आणि टाकीलाही अशी कुठली शेवटची तारीख ठरलेली नसते, टेस्टमध्ये पास होत राहिली तर ती कितीतरी वर्षं फिरत राहते. पट्टीवरची तारीख सांगते ती एवढंच की या तारखेच्या आत ही टाकी प्लांटमध्ये रिकामी करून, पाण्याच्या दाबावर तपासून घ्यायची आहे, आणि तशी तपासल्याशिवाय ती परत भरायची नाही. भरायची नाही हा नुसता सल्ला नाही, देशाच्या गॅस सिलिंडर नियमांतच ते आहे, आणि या नियमांची अंमलबजावणी बघणारं पेसो म्हणून जे सरकारी खातं आहे त्याचं मुख्यालय आपल्या नागपूरलाच आहे.

कोड कुठे शोधायचा

टाकीच्या वर ते गोल कडं असतं ना, ज्याला धरून आपण टाकी उचलतो किंवा तिरकी करून गोल गोल फिरवत नेतो, ते कडं थेट टाकीला जोडलेलं नसतं, ते तीन उभ्या पट्ट्यांवर उभं असतं. या तीन पट्ट्या म्हणजे टाकीचं आधारकार्ड समजा. कोड यातल्याच एका पट्टीवर असतो, आणि बहुतेक वेळा आतल्या बाजूला, म्हणजे व्हॉल्व्हकडे तोंड करून. बाहेरून टाकीभोवती फिरून बघत बसलात तर दिसणारच नाही कदाचित. वरून वाकून, टॉर्च लावून, एकेक पट्टीची आतली बाजू बघायची. घरात अंधार असेल तर टॉर्चच वापरा, मेणबत्ती किंवा काडी अजिबात नाही, आणि टाकीजवळ गॅसचा वास येत असेल तर कोड वाचायचं राहू दे, आधी खिडक्या दारं उघडा, कुठलंही बटण चालू-बंद करू नका.

तीन पट्ट्यांवर बरंच काय काय असतं आणि तिथेच लोक गोंधळतात. एक तर रंगाने लिहिलेला आकडा असतो 15.8 किंवा 16.1 असा काहीतरी, त्याच्यापुढे कधी किलो लिहिलेलं असतं कधी नसतं. ते रिकाम्या टाकीचं वजन. त्यात 14.2 मिळवले की भरलेल्या टाकीचं वजन किती हवं ते कळतं, म्हणजे 15.8 ची टाकी काट्यावर 30 किलोच्या आसपास भरली पाहिजे. याचा तारखेशी काही संबंध नाही. दुसरं, लोखंडातच ठोकलेली बारीक अक्षरं असतात, त्यात बनवणाऱ्याचं नाव, सिरीयल नंबर, आयएसआयचा शिक्का, पाण्याची क्षमता 33.3 लिटर, आणि टाकी बनली तो महिना-वर्ष. आणि तिसरा आपला कोड, एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे, हा बहुतेक वेळा रंगाने स्टेन्सिलने मारलेला, मोठ्या अक्षरात.

मी घरी सगळ्यांना एक सोपी खूण सांगून ठेवलीय, लोखंडात ठोकलेली तारीख मागची, रंगाने मारलेली पुढची. म्हणजे ठोकलेलं 08.13 दिसलं आणि तुम्हाला वाटलं अरे बापरे ही तर 2013 मध्येच संपली, तर तसं नाहीये, ती 2013 च्या ऑगस्टमध्ये बनली एवढंच. मुदत बघायची ती रंगातली.

अक्षर आणि आकडा

वर्षाचे तीन-तीन महिन्यांचे चार भाग केलेत, आणि प्रत्येक भागाला एक अक्षर. पुढचे दोन आकडे म्हणजे वर्षाचे शेवटचे दोन अंक.

```
A = जानेवारी ते मार्च      (31 मार्चपर्यंत)
B = एप्रिल ते जून          (30 जूनपर्यंत)
C = जुलै ते सप्टेंबर       (30 सप्टेंबरपर्यंत)
D = ऑक्टोबर ते डिसेंबर     (31 डिसेंबरपर्यंत)
```

म्हणजे B-27 असेल तर टेस्ट 2027 च्या जूनअखेरपर्यंत व्हायला हवी. D-26 असेल तर 2026 चा डिसेंबर संपेपर्यंत. मध्ये कधी डॅश असतो, कधी नसतो, कधी अक्षर वर आणि आकडा खाली असतो, अर्थ एकच.

इथे एक चूक बऱ्याच जणांची होते, A म्हटलं की जानेवारीतच मुदत संपली असं धरतात. तसं नाही, अक्षर पूर्ण तिमाहीचं आहे आणि मुदत तिमाहीच्या शेवटच्या दिवशी संपते. दुसरी चूक त्याच्या उलट, लोक नुसतं वर्ष बघतात. समजा 2025 साली टाकीवर 25 दिसलं, तर म्हणतात वर्ष तेच आहे, मग ठीक आहे. पण समजा टाकी 12 ऑगस्ट 2025 ला दारात आलीय आणि तिच्यावर B-25 आहे, तर तिची मुदत 30 जूनलाच संपली, ती घ्यायची नाही. त्याच दिवशी C-25 आली तर ती मुदतीत आहे, अजून दीड महिना आहे. आणि मग लगेच प्रश्न येतो की माझी टाकी दोन महिने पुरते, म्हणजे वापरता वापरताच सप्टेंबर संपेल, मग काय करायचं? काही करायचं नाही. ती मुदतीत भरलेली आहे, तुम्ही ती नेहमीसारखी वापरा, रिकामी झाली की एजन्सीकडे जाईल, तिथून प्लांटला, आणि प्लांटने ती भरायच्या लाईनीतून बाजूला काढून टेस्टला टाकायची. पट्टीवरच्या कोडचा खरा वाचक तो प्लांटवाला आहे, रोज हजारो टाक्या समोरून सरकत असताना एका नजरेत कळावं म्हणून तो एवढ्या मोठ्या अक्षरात आणि एवढा थोडक्यात लिहिलेला असतो. आपण वाचतो ते तिथून नजरचुकीने सुटलेली एखादी टाकी आपल्या ओट्याखाली येऊ नये म्हणून.

वाचलेलं बरोबर आहे का, ते गणिताने तपासायचं

रंग उडतो, टाक्या एकमेकींवर आपटतात, धूळ आणि तेलकट काळं बसतं, जुन्या रंगावर नवा रंग मारलेला असतो आणि खालचा कोड अर्धवट डोकावत असतो. अशा वेळी 3 चा 8 दिसतो, 8 चा 3, 6 चा 5, आणि B आणि 8 तर एकमेकांसारखेच. D चा कोपरा झिजला की ते O सारखं दिसतं, तिथे मात्र सोपं आहे, कारण A B C D सोडून दुसरं अक्षर या कोडमध्ये येतच नाही, म्हणून O दिसलं तर तो D च, आणि G दिसलं तर C.

आकड्याचं तसं नाही, तिथे थोडं डोकं लावावं लागतं. दोन गोष्टी लक्षात ठेवा. नवी टाकी बनल्यावर तिची पहिली टेस्ट 10 वर्षांनी असते. त्यानंतरची प्रत्येक टेस्ट 5 वर्षांनी. बस, एवढ्यावर बरंच काही पकडता येतं.

समजा ठोकलेलं बनवल्याचं वर्ष 2019 आहे, तर पहिल्या टेस्टची मुदत 2029 च्या आसपास असणार, रंगात 29 दिसलं तर जुळलं. समजा बनवल्याचं वर्ष 2004 आहे, म्हणजे टाकी पहिली टेस्ट कधीच देऊन बसलीय, तिचं आता दर 5 वर्षांचं चक्र चालू आहे, तर तिच्यावर आजपासून 5 वर्षांपेक्षा जास्त पुढची तारीख असूच शकत नाही. दिसत असेल तर एक तर तुम्ही आकडा चुकीचा वाचताय किंवा कोड चुकीचा मारलाय, दोन्हीत ती टाकी मी घेणार नाही. आणि कितीही नवी टाकी असली तरी 10 वर्षांपेक्षा पुढची तारीख तर येऊच शकत नाही.

आता आत्याच्या टाकीकडे. तिथे ठोकलेली तारीख होती 08.13, ऑगस्ट 2013. रंगात मला दिसलं C-28. चहा पिता पिता मी हेच गणित करत होतो. 2013 अधिक 10 म्हणजे 2023, ऑगस्ट म्हणजे C, तर पहिल्या टेस्टची मुदत C-23 यायला हवी. मग 28 कसं? होऊ शकतं, 2023 मध्ये टेस्ट झाली असेल तर पुढची 5 वर्षांनी, 2028. म्हणजे नुसत्या गणिताने दोन्ही उत्तरं बसत होती. इथे मी अडकलो, आणि मग आत्याला विचारलं की ही टाकी घरात आली कधी. ती म्हणाली लॉकडाऊनच्या दुसऱ्या वर्षी, तुझे काका होते तेव्हा. पासबुकात बघितलं तर एन्ट्री 2021 ची, त्यानंतरच्या सगळ्या एन्ट्र्या चालू टाकीच्या. मग संपलंच की, जी टाकी 2021 पासून कणगीमागं बसलीय तिची 2023 मध्ये टेस्ट होईल कशी? ती हललीच नाही. म्हणजे 2021 मध्ये दारात आली तेव्हाच तिच्यावर जो कोड होता तोच आज आहे, आणि तेव्हा तो पहिल्या टेस्टचाच असणार, C-23. ओलं फडकं फिरवल्यावर 3 च्या डाव्या बाजूला चिकटलेला धुराचा काळा थर निघाला आणि 8 चा 3 झाला. चुलीच्या घरात असं होणारच.

म्हणून तुम्हीही वाचताना या क्रमाने जा: आधी पट्टी पुसा, कोरडी धूळ नुसती हाताने झटकू नका, ओलं फडकं लागतंच. मग रंगातला कोड वाचा आणि मोबाईलवर फोटो काढून मोठा करून बघा, वाकून बघण्यापेक्षा फोटोत जास्त स्पष्ट दिसतं. मग ठोकलेलं वर्ष शोधा, ते रंगाखाली बुजलेलं असेल तर टॉर्च आडवा धरा, समोरून उजेड मारला तर ठोकलेली अक्षरं दिसत नाहीत, कडेने मारला की सावली पडते आणि वाचता येतात. आणि मग दोन्ही जुळतात का बघा. घरात पडून असलेल्या टाकीला तिसरी गोष्ट जोडा, ती घरात आली कधी.

दारात टाकी आल्यावर

हे काम एका मिनिटाचं आहे पण ते योग्य वेळी व्हायला हवं. टाकी आतमध्ये ठेवली, ओटीपी सांगितला, पैसे दिले, रिकामी टाकी गेली, आणि मग आपण कोड बघतोय असं नको. ओटीपी द्यायच्या आधी बघा. टाकी जिन्यावर किंवा उंबऱ्याबाहेर असतानाच म्हणा, "दादा, जरा थांबा, तारीख बघते." बरेच जण स्वतःच टाकी फिरवून पट्टी दाखवतात, त्यांना सवय असते.

मुदत उलटलेली निघाली तर भांडायची काही गरज नाही, त्या माणसाने ती टाकी भरलेली नाही, त्याला गाडीवर दिली गेली ती त्याने आणली. सरळ म्हणा ही नको, गाडीतली दुसरी द्या. टेम्पोत बहुतेक दुसरी असतेच. नसेल तर डिलिव्हरी घेऊ नका, ओटीपी देऊ नका, एजन्सीला फोन करून सांगा की टेस्टची मुदत संपलेली टाकी आलीय, कोड अमुक आहे, आणि पट्टीचा फोटो ठेवा. ओटीपी एकदा दिला की कागदोपत्री तुम्ही टाकी घेतली असं होतं, मग बदलून घेणं लांबतं. एजन्सीने दाद दिली नाही तर कंपनीच्या 1800 2333 555 या टोल फ्री नंबरवर तक्रार नोंदवा. हे करायला कोणाला संकोच वाटायचं कारण नाही, विशेषतः घरी एकट्या असणाऱ्या बायका आणि म्हातारी माणसं "जाऊ दे" म्हणून घेतात, त्यांना मुद्दाम सांगून ठेवा.

कोड बघताना तीच नजर जरा खालीही टाका. टाकीचा तळ, ज्या कड्यावर ती उभी राहते, तिथे गंज सगळ्यात आधी धरतो कारण ओल्या फरशीचं पाणी तिथेच साचतं, आणि कोकणात खाऱ्या हवेने तर अजून लवकर. पापुद्रे सुटलेला खोल गंज किंवा मोठा पोचा असेल तर तारीख कितीही पुढची असो, ती टाकी परत करा.

घरात आधीच मुदत संपलेली टाकी असेल तर

दोन वेगळ्या परिस्थिती आहेत. टाकी लावलेली आहे, रोज वापरात आहे, मुदतीत घेतली होती आणि आता तिमाही उलटली, वास नाही, गळती नाही, तर मी ती संपेपर्यंत वापरेन, घाबरून रेग्युलेटर काढून अंगणात नेऊन ठेवणार नाही. तारीख उलटली त्या रात्री पत्र्याची ताकद कमी होत नाही. रिकामी झाली की नेहमीसारखी बदलली जाईल.

पण टाकी भरलेली, सीलबंद आणि मुदत बरीच उलटलेली, जशी आत्याची होती, ती मी लावणार नाही, आणि घरात पडूही देणार नाही. कारण ती कधी लावली जाईल आणि कधी संपेल याला काही धरबंध नाही, आत्यासारख्या घरात तर ती अजून तीन वर्षं तशीच राहिली असती. आम्ही एजन्सीत फोन केला तर तिथला मुलगा म्हणाला, "काही होत नाही काका, चालतंय, लावा." मी काका नाही पण ते असू दे. मी त्याला एवढंच म्हणालो की ही टाकी तुम्ही आज प्लांटला नेली तर ते ती टेस्टशिवाय भरतील का? तो गप्प बसला. मग पासबुकाचा आणि पट्टीचा फोटो पाठवला, आठवड्याभराने गाडी आली तेव्हा सीलबंद टाकी नेऊन त्याजागी दुसरी भरलेली दिली. पैसे मागितले नाहीत, आणि मागितले असते तरी द्यायचे नव्हते, गॅसचे पैसे 2021 मध्येच दिलेले होते. पासबुकात बदलल्याची नोंद मात्र करून घ्या, नाहीतर पुढे हिशोबात गोंधळ होतो.

एक करू नका, अशी टाकी स्वतः रिकामी करायला जाऊ नका. व्हॉल्व्हची पिन दाबून गॅस बाहेर सोडून देणारे लोक मी बघितलेत. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, वर उडून जात नाही, जमिनीलगत सरकत जातो आणि खालच्या खोलीत, गटारात, चुलीपर्यंत पोचतो.

टेस्टमध्ये नक्की काय करतात

हे कळलं की तारखेला एवढं महत्त्व का ते आपोआप कळतं. टाकी आधी पूर्ण रिकामी करतात, आत उरलेला गॅस काढतात, व्हॉल्व्ह उघडून बाहेर काढतात. मग तिच्यात पाणी भरून पंपाने दाब देतात, साधारण 25 किलो प्रति चौरस सेंटीमीटर. घरात उन्हाळ्याच्या दिवसांत टाकीच्या आत जेवढा दाब असतो त्याच्यापेक्षा हा दाब कितीतरी जास्त झाला. तेवढ्या दाबाखाली ठेवून बघतात की जोडावर कुठे पाझरतंय का, पत्रा फुगतोय का. हवेऐवजी पाणी का, तर पाणी दाबलं तरी आकसत नाही, म्हणून टाकी फाटलीच तर पाणी उडतं आणि दाब एकदम उतरतो, हवा भरली असती तर ती बॉम्बसारखी फुटली असती. त्यानंतर आतून वाळवतात, आतला गंज बघतात, रिकामं वजन नव्याने घेतात, व्हॉल्व्ह बसवून गळती तपासतात, रंग देतात, आणि पट्टीवर पुढच्या 5 वर्षांचा कोड मारतात. नापास झालेली टाकी परत कोणी वापरू नये म्हणून मोडीत काढतात.

बघा, आतून गंज किती धरलाय हे बाहेरून कोणालाच दिसत नाही, ना तुम्हाला ना डिलिव्हरीवाल्याला. जोडाच्या वेल्डिंगमध्ये बारीक चीर असेल ती डोळ्याला कळत नाही. ते कळायचा एकच रस्ता, जास्त दाबाखाली ठेवून बघणं, आणि ते शेवटचं कधी झालं आणि पुढचं कधी व्हायचंय हे आपल्याला सांगणारी एकच जागा, ती पट्टी.

कोड काय सांगत नाही

मुदत पुढची आहे म्हणजे टाकी गळत नाही असं नाही. हा कोड टाकीच्या पत्र्याबद्दल आणि जोडांबद्दल बोलतो. घरात गळती जास्त करून होते ती व्हॉल्व्हच्या आतला रबरी वायसर खराब झाला म्हणून, रेग्युलेटर नीट बसला नाही म्हणून, किंवा शेगडीची नळी चिरली म्हणून. त्यातलं एकही पट्टीवर लिहिलेलं नसतं. D-29 लिहिलेल्या टाकीचा वायसर कालच फाटलेला असू शकतो. म्हणून पांढरं टोपण काढल्यावर व्हॉल्व्हच्या तोंडात वायसर आहे का ते बघा, आणि डिलिव्हरीवाल्याला गळती तपासून दाखवायला सांगा. रेग्युलेटर बसवल्यावर जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का तेही बघता येतं. गळती आहे अशी शंका आली तर 1906 हा गॅस गळतीसाठीचा नंबर चोवीस तास चालू असतो.

नळीची तारीख वेगळी, ती नळीवरच छापलेली असते, तिचा टाकीच्या कोडशी संबंध नाही आणि ती 5 वर्षांच्या आत आपल्यालाच बदलून घ्यायची असते. लोक कधी कधी नळीवरची तारीख वाचून टाकीची समजतात.

आणि हे सगळं लाल रंगाच्या नेहमीच्या 14.2 किलोच्या लोखंडी टाकीबद्दल झालं. हॉटेलच्या 19 किलोच्या आणि छोट्या 5 किलोच्या लोखंडी टाक्यांवरही अक्षर आणि वर्षाची हीच पद्धत असते, तेव्हा चहाची टपरी, मेस, वडापावची गाडी चालवणाऱ्यांनीही बघत जा. नव्या फायबरच्या, ज्यातून गॅस किती उरलाय ते दिसतं त्या टाक्यांना अशा लोखंडी पट्ट्या नसतात, तिथे खुणा वेगळ्या ठिकाणी असतात, त्या एजन्सीकडून दाखवून घ्या.

दोन टाक्यांचं कनेक्शन असेल तर एक करा, टाक्या आलटून पालटून वापरा. चालू टाकी संपली की आतली लावायची आणि नवी आलेली आत ठेवायची, म्हणजे कुठलीच टाकी तीन-तीन वर्षं कणगीमागं बसत नाही. आत्याला हे पटायला वेळ लागला, तिला आतली टाकी अडीअडचणीला म्हणून ठेवायची असते, पाहुणे आले, लग्नकार्य निघालं तर. म्हटलं मग अडीअडचणीला एक भरलेली कायम असेलच की, फक्त तीच तीच नसेल. बदलून आलेल्या टाकीवर B-29 होतं, तिने ते माझ्यासमोर मोठ्याने वाचलं, "बी म्हंजी जून," आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या पानावर, दुधाच्या हिशोबाखाली, लिहून ठेवलं.